पॅकेजचे पैसे आधी येतात, कमाई नंतर होते: सलूनची प्रीपेड पॅकेजं आणि मेंबरशिप कशी आखायची, हिशेब कसा ठेवायचा

पॅकेज विकलं त्या दिवशी गल्ल्यात मोठी रक्कम येते आणि महिना चांगला गेला असं वाटतं. पण त्या दिवशी सलूनने काहीच कमावलेलं नसतं. ग्राहकाने पुढच्या कामाचे पैसे तुमच्याकडे ठेवलेले असतात आणि ते काम होईपर्यंत तुम्ही त्याचं देणं लागता. पॅकेजची किंमत, मुदत, स्टाफचा इन्सेंटिव्ह, परतावा, बँकेत किती पैसे राखायचे, हे सगळे निर्णय याच एका गोष्टीवर उभे राहतात. म्हणून या लेखात एकच पॅकेज घेऊन ते आखण्यापासून हिशेब मिटेपर्यंत नेलं आहे. वॉलेट आणि मेंबरशिपचा हिशेब त्याहून कुठे वेगळा पडतो ते शेवटी येईल. चलन कोणतंही असलं तरी हिशेब तोच, म्हणून आकडे नुसतेच लिहिले आहेत आणि ते कर वगळून आहेत.

आधी ग्राहकाचं जुनं रजिस्टर उघडा

पॅकेज आखायला बसताना बहुतेक जण शेजारच्या सलूनचं रेटकार्ड बघतात. त्याऐवजी आपल्या नियमित ग्राहकांची गेल्या वर्षभराची बिलं काढा. प्रत्येकीबद्दल दोन गोष्टी लिहा: ती कोणती सेवा घेते आणि किती आठवड्यांनी येते.

उदाहरणाला रूट टचअप घेऊ. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात, त्यामुळे पांढरे केस झाकणाऱ्या ग्राहकाला पाच-सहा आठवड्यांत परत यावंच लागतं. अशी नियमित लागणारी सेवा पॅकेजचा कणा होऊ शकते. वर्षातून एकदा होणारी सेवा पॅकेजमध्ये घालून ती 'नियमित' होत नाही.

समजा टचअपचा सुटा दर १००० आहे आणि हेअर स्पाचा १५००. पॅकेज असं ठरवलं: ६ टचअप आणि २ स्पा. सुट्या दराने हे ६००० अधिक ३०००, म्हणजे ९००० होतात. पॅकेजची किंमत ठेवली ७२००, म्हणजे २० टक्के सवलत.

आता सवलत तुमच्या खिशाला किती लागते ते बघू. टचअपला रंग, डेव्हलपर, हातमोजे, टॉवेल धुलाई असा २५० खर्च धरा आणि स्टायलिस्टला १० टक्के इन्सेंटिव्ह. सुट्या टचअपमध्ये १००० मधून २५० आणि १०० गेले की ६५० उरतात. भाडं, पगार, वीज यातूनच भागायचं आहे. पॅकेजमध्ये तोच टचअप ८०० ला पडतो. त्यातून २५० आणि ८० गेले की ४७० उरतात. दर २० टक्क्यांनी उतरला, पण हातात उरणारी रक्कम जवळपास २८ टक्क्यांनी घटली, कारण सवलत दिली म्हणून रंगाची ट्यूब स्वस्त होत नाही. सवलतीचा टक्का ठरवताना ही वजाबाकी कागदावर करूनच पुढे जा.

मग पॅकेज द्यायचंच कशाला? उत्तर ग्राहकाच्या जुन्या सवयीत आहे. एक ग्राहक वर्षाला सहा टचअप घेते आणि स्पा कधीच घेत नाही. तिच्याकडून आज वर्षाला ६ × ६५० = ३९०० उरतात. पॅकेज घेतल्यावर टचअपचे ६ × ४७० = २८२० उरतील. स्पा पॅकेजमध्ये १२०० ला पडतो; ३०० सामान आणि १२० इन्सेंटिव्ह वजा जाता ७८० उरतात, दोन स्पाचे १५६०. एकूण ४३८०. म्हणजे ४८० चा फायदा.

दुसरी ग्राहक सहा टचअपबरोबर एक स्पा आधीपासूनच पूर्ण दराने घेते. त्या स्पामधून १५०० वजा ३०० वजा १५० असे १०५० उरत होते. तिच्याकडून आज ४९५० उरतात, पॅकेजनंतर ४३८० उरतील. तिला पॅकेज विकून तुम्ही ५७० गमावता, आणि विक्रीचा आकडा वाढलेला दिसतो म्हणून ते लवकर लक्षातही येत नाही.

नियमित ग्राहक जी सेवा आज घेत नाही, ती पॅकेजमध्ये आली तरच पॅकेज परवडतं. किंवा त्या पॅकेजमुळे ती नऊऐवजी सहा आठवड्यांनी यायला लागली तर. आधीच करत असलेल्या खर्चावर नुसती सवलत देणं म्हणजे आपल्या सगळ्यात पक्क्या ग्राहकाकडून कमी पैसे घेणं. दुसऱ्या ग्राहकासाठी स्पाच्या जागी तिने कधी न घेतलेली एखादी सेवा ठेवा. एकच पॅकेज सगळ्यांना बसेल असा आग्रह नको.

मुदत, खुर्च्यांची वेळ आणि अटी

मुदत ठरवायचा साधा हिशेब आहे. सहा टचअप, सहा आठवड्यांच्या अंतराने, म्हणजे ३६ आठवडे. त्यावर आजारपण, प्रवास, राहून जाणं यासाठी एक तृतीयांश वाढवा: ४८ आठवडे. बारा महिन्यांची मुदत द्यायला हरकत नाही. मुद्दाम तोकडी मुदत ठेवून सिटिंग बुडतील अशी आशा धरू नका. ज्या ग्राहकाच्या सिटिंग बुडतात ती पुढचं पॅकेज घेत नाही, आणि हे सगळं नियमित ग्राहकासाठीच तर चाललं आहे.

खुर्च्यांची वेळही मोजा. वीस पॅकेजं विकली तर दर सहा आठवड्यांत वीस टचअप, प्रत्येकी दीड तास धरला तर ३० तास, म्हणजे आठवड्याला पाच तास. पाच तास जास्त नाहीत, पण ते सगळे सुट्टीच्या दिवशीच मागितले गेले तर पूर्ण दराचं ग्राहक परत पाठवून तुम्ही कमी दराचं काम करत बसाल. म्हणून पॅकेजची सिटिंग कामाच्या दिवशी घ्यावी, किंवा सुट्टीच्या दिवशी हवी असेल तर काही दिवस आधी बुक करावी, अशी अट विकतानाच सांगा. नंतर सांगितलेली अट ग्राहकाला फसवणूक वाटते.

अटी एका पानावर मावल्या पाहिजेत. मुदत कधी संपते, घरातल्या दुसऱ्या कुणाला वापरता येईल का, केस जास्त लांब असल्यास जादा आकार किती, न कळवता सिटिंग चुकवली तर ती मोजली जाईल का, आणि मधेच पैसे परत मागितले तर हिशेब कोणत्या दराने होईल. या शेवटच्या मुद्द्यावरच सगळ्यात जास्त वाद होतात, म्हणून त्याचा आकड्यांत नमुना पानावरच छापावा. तो नमुना पुढे दिला आहे.

वहीत नोंद कशी करायची

विक्रीच्या दिवशी उत्पन्नाच्या खात्याला हात लावायचा नाही. 'ग्राहकांकडून आगाऊ रक्कम' असं एक खातं उघडा. हे देण्याचं खातं आहे. ताळेबंदात ते दायित्वाच्या बाजूला दिसेल. ७२०० आले की बँक नावे ७२००, आगाऊ रक्कम जमा ७२००. बस.

एक टचअप झाला की आगाऊ रक्कम नावे ८००, सेवा उत्पन्न जमा ८००. स्पा झाला की हीच नोंद १२०० ची. आठही सिटिंग संपल्या की ४८०० अधिक २४०० असे ७२०० उत्पन्नात गेलेले असतात आणि त्या ग्राहकाचं देणं शून्यावर येतं.

८०० आणि १२०० हे आकडे सवलत सगळ्या सेवांवर त्यांच्या सुट्या दराच्या प्रमाणात वाटून आले आहेत: ७२०० भागिले ९००० म्हणजे ०.८, आणि प्रत्येक दर त्याने गुणला. जाहिरातीत तुम्ही 'सहा टचअपवर दोन स्पा फ्री' असं लिहिलं असलं तरी वहीत स्पा फुकट नसतो. तो फुकट धरला तर टचअप १२०० चा दिसेल आणि स्पाच्या दिवशी सामान खर्ची पडूनही उत्पन्न शून्य. मग कोणती सेवा परवडते हे वहीवरून कधीच कळणार नाही. आंतरराष्ट्रीय हिशेबमानक आयएफआरएस १५, जे २०१८ पासून लागू आहे, हीच पद्धत सांगतं: दिलेल्या प्रत्येक वचनाला त्याच्या सुट्या किमतीच्या प्रमाणात वाटा, आणि वचन पुरं झालं की उत्पन्न. छोट्या सलूनला ते मानक बंधनकारक असेलच असं नाही, कित्येक ठिकाणी छोट्या व्यवसायांना रोख पद्धतीने हिशेब दाखवायची मुभाही असते. तरी स्वतःला कळण्यासाठी वही अशीच ठेवावी.

कराचं मात्र वेगळं गणित आहे. पॅकेज विकलं त्याच दिवशी विक्रीकर भरायचा की सेवा दिल्यावर, हे प्रत्येक देशाचा कायदा ठरवतो. युरोपीय संघात २०१९ पासून असा नियम आहे की व्हाउचर विकतानाच सेवेचं ठिकाण आणि देय कर ठरलेला असेल तर कर विक्रीच्या वेळीच लागतो. ते ठरलेलं नसेल तर वापराच्या वेळी. तुमच्याकडे काय लागू आहे ते पॅकेज बाजारात आणण्याआधी कर सल्लागाराला विचारा. ग्राहकाकडून घेतलेला कर आगाऊ रकमेच्या खात्यात मिसळायचा नाही, तो सरकारचा आहे आणि वेगळ्या खात्यात जातो.

महिनाअखेरीची जुळणी

आता एक पूर्ण महिना पाहू. पहिल्या महिन्यात वीस पॅकेजं विकली, १,४४,००० आले. त्याच महिन्यात २० टचअप आणि ४ स्पा झाले.

- महिन्याच्या सुरुवातीचं देणं: ०
- नवीन विक्री: अधिक १,४४,०००
- झालेल्या सेवा: वजा २०,८०० (टचअप १६,०००, स्पा ४,८००)
- परतावा आणि मुदत संपलेली पॅकेजं: ०
- महिनाअखेरचं देणं: १,२३,२००

हा आकडा दुसऱ्या बाजूनेही काढून बघायचा. ग्राहकांची पॅकेज कार्डं किंवा सॉफ्टवेअरची यादी घ्या आणि शिल्लक सिटिंग मोजा: १०० टचअप आणि ३६ स्पा. १०० × ८०० आणि ३६ × १२०० मिळून १,२३,२०० च होतात. दोन्ही आकडे जुळले तर वही बरोबर. यादीत वहीपेक्षा कमी सिटिंग शिल्लक दिसल्या, तर कार्डावर खूण झाली पण वहीत नोंद राहिली. यादीत जास्त दिसल्या, तर नोंद झाली पण कार्डावर खूण झाली नाही, आणि ती सिटिंग ग्राहक पुन्हा मागणार. हा फरक त्याच महिन्यात शोधला तर सापडतो. सहा महिन्यांनी कुणाला काही आठवत नाही. म्हणून प्रत्येक सिटिंगनंतर ग्राहकाची सही किंवा फोनवर शिल्लक सिटिंगचा संदेश, यातलं एक ठेवाच.

बँकेत १,४४,००० आले, पण महिन्याचं उत्पन्न २०,८०० होतं. त्यातून सामान आणि इन्सेंटिव्हचे ८,२८० वजा केले की भाडं-पगारासाठी पॅकेजमधून १२,५२० मिळाले. आलेली रक्कम आणि हा आकडा यांच्यातली दरी ज्याला दिसत नाही, तो पहिल्याच महिन्यात नवा आरसा, नवी खुर्ची घेऊन बसतो. आणि पाचव्या-सहाव्या महिन्यात खुर्च्या भरलेल्या असतात पण गल्ला रिकामा, कारण बसलेल्या प्रत्येकीने पैसे आधीच दिलेले असतात.

किती पैसे बाजूला ठेवायचे

पॅकेजच्या पैशांसाठी वेगळं बँक खातं उघडा. शिल्लक सिटिंग द्यायला पुढे किती खर्च येणार हे काढता येतं: टचअपला ३३०, स्पाला ४२०. १०० टचअपचे ३३,००० आणि ३६ स्पाचे १५,१२०, मिळून ४८,१२०. ही अगदी तळाची रेषा. त्या खात्यात याहून कमी पैसे असणं म्हणजे विकलेलं काम पुरं करायला सामान घेण्याइतकेही पैसे उरले नाहीत. वरची रेषा १,२३,२००, म्हणजे संपूर्ण देणं.

माझं मत असं की सुरुवातीचं वर्षभर पूर्ण देणं त्या खात्यात ठेवावं आणि दर आठवड्याला जेवढ्या सिटिंग झाल्या तेवढीच रक्कम रोजच्या खात्यात आणावी. हे जड वाटतं, पण यामुळे पॅकेजचं उत्पन्न सुट्या बिलांसारखंच सावकाश हातात येतं आणि खर्चाची सवय बिघडत नाही. वर्षभराने परताव्याचं प्रमाण कळलं की थोडा भाग मोकळा करता येईल.

धोक्याची खूण एकच लक्षात ठेवा: या महिन्याचं भाडं भरण्यासाठी नवीन पॅकेजं विकावी लागत आहेत का? तसं असेल तर नव्या ग्राहकाच्या पैशांतून जुन्या ग्राहकांचं काम चाललं आहे. अशा वेळी 'मोठी ऑफर' काढली की देणं वाढतं आणि दर सिटिंगमागे उरणारी रक्कम आणखी कमी होते. विक्री थांबवून आधी शिल्लक सिटिंग संपवणं आणि सुट्या ग्राहकांच्या वेळा वाढवणं हाच उपाय.

इन्सेंटिव्ह, परतावा, मुदत संपणं

इन्सेंटिव्ह काम करणाऱ्याला, काम झाल्यावर द्यायचा. विक्रीच्या दिवशी पूर्ण ७२०० वर दिला आणि ती स्टायलिस्ट सोडून गेली तर पुढचं काम करणाऱ्याला तुम्ही दुसऱ्यांदा द्याल. विकण्याबद्दल लहानसा ठरावीक बोनस वेगळा असू द्या, आणि पॅकेज परत गेलं तर तो वळता होईल हे आधी सांगा. टक्केवारी १००० वर की ८०० वर, हाही निर्णय आधी घ्या. ८०० वर दिला तर काही स्टायलिस्ट पॅकेजवाल्या ग्राहकाला टाळतात, रंग घाईत लावतात, आणि ते ग्राहकाला जाणवतं. पूर्ण १००० वर दिला तर तुमचे ४७० चे ४५० होतात. हे वीस मला सोडून देण्यासारखे वाटतात, कारण मालकाने दिलेल्या सवलतीचा भार हात चालवणाऱ्यावर पडू नये. फक्त वर काढलेलं गणित मग ४५० धरून पुन्हा करा.

परताव्याचा नमुना असा. ग्राहकाने ३ टचअप आणि १ स्पा घेतला आणि तिला दुसऱ्या गावी जायचं आहे. पॅकेजच्या दराने तिने २४०० अधिक १२००, म्हणजे ३६०० चं काम घेतलं. वहीत तिचं देणं ३६०० उरलं आहे. पण पूर्ण पॅकेज न घेतल्याने सवलत लागू नाही, झालेलं काम सुट्या दराने मोजलं जाईल, अशी अट असेल तर ३००० अधिक १५०० म्हणजे ४५०० कापले जातात आणि तिला २७०० परत मिळतात. नोंद: आगाऊ रक्कम नावे ३६००, बँक जमा २७००, सेवा उत्पन्न जमा ९००. हे ९०० आधी दिलेल्या सवलतीची वसुली आहे. स्थानिक ग्राहक कायद्यात अशी अट चालते का ते मात्र आधी तपासा. आणि तुमच्या बाजूने सेवा बंद झाली असेल, म्हणजे स्टायलिस्ट नाही किंवा सलूनच हलतंय, तर हिशेब पॅकेजच्याच दराने करून पूर्ण ३६०० परत द्यावेत.

मुदत संपली आणि २ टचअप, १ स्पा शिल्लक राहिले, तर देण्यात २८०० पडून असतात. नियम परवानगी देत असतील तर ते उत्पन्नात घेता येतात, पण 'न वापरलेली पॅकेजं' अशा वेगळ्या खात्यात घ्या. काही ठिकाणी आगाऊ घेतलेल्या पैशांची मुदत संपवताच येत नाही, तिथे ते देण्यातच राहतात. आयएफआरएस १५ मध्ये अंदाजाने किती सिटिंग वापरल्या जाणार नाहीत ते धरून उत्पन्न थोडं थोडं आधीपासून दाखवायची सोय आहे, पण त्यासाठी मागचा भरवशाचा अनुभव हवा. नव्या पॅकेजला तो नसतो, म्हणून मुदत खरोखर संपेपर्यंत थांबा. शिवाय मुदत संपायच्या दोन महिने आधी ग्राहकाला कळवा. वेगळ्या खात्याचा फायदा असा की तो आकडा वाढला तर पॅकेज लोकांच्या सवयीला बसत नाही हे लगेच दिसतं.

वॉलेट आणि मेंबरशिप

वॉलेट म्हणजे ५००० भरा आणि ६००० च्या सेवा घ्या. इथे सॉफ्टवेअर ६००० शिल्लक दाखवतं, पण वहीत देणं ५००० च आहे, कारण तुमच्याकडे तेवढेच आले. १२०० ची सेवा झाली की वॉलेटमधून १२०० कमी होतात आणि उत्पन्न त्याच्या पाच षष्ठांश, म्हणजे १००० धरायचं. ही गल्लत फार ठिकाणी होते आणि जमा न झालेले हजार उत्पन्नात दिसू लागतात. वॉलेटवर दुसरी कुठलीही ऑफर चालणार नाही हे लिहून ठेवा, नाहीतर एकाच बिलावर दोनदा सवलत जाते.

दर वाढवण्याच्या दृष्टीने वॉलेट मालकाला सोयीचं असतं: टचअप ११०० चा झाला की वॉलेटमधून ११०० जातात. सिटिंगच्या पॅकेजमध्ये जुना ८०० चाच दर मुदतभर पाळावा लागतो. रंगाचे भाव चढत असतील तर लांब मुदतीची सिटिंग पॅकेजं विकू नका.

वार्षिक मेंबरशिपमध्ये ग्राहक फी देते आणि वर्षभर प्रत्येक बिलावर सवलत मिळवते. फी ६०० असेल आणि सवलत १० टक्के, तर दर महिन्याला ५० उत्पन्नात घ्यायचे, ग्राहक आली असो वा नसो, कारण इथे वचन वर्षभराच्या हक्काचं आहे. फी परत मिळणार नाही असं लिहिलं म्हणून ती पहिल्या दिवशी उत्पन्न होत नाही. किंमत ठरवताना वर्षाला ६००० ची रेषा लक्षात ठेवा. त्याहून जास्त खर्च करणाऱ्या ग्राहकाला फीपेक्षा जास्त सवलत मिळते. १२,००० खर्चणारी मेंबर झाली आणि तिचा खर्च तेवढाच राहिला, तर १२०० सवलत देऊन तुम्ही ६०० घेतले. म्हणून नूतनीकरणाच्या वेळी प्रत्येक मेंबरचं आधीच्या वर्षाचं आणि मेंबरशिपच्या वर्षाचं एकूण बिल शेजारी शेजारी मांडा. बिल वाढलेलं नसेल तर त्या मेंबरला तीच योजना पुन्हा देऊ नका. तिच्या भेटी कोणत्या महिन्यांत तुटतात ते बघून त्या जागी बसेल अशी एखादी सेवा सुचवा.